नंबर कुठं कोरलाय?

दिवाळीच्या तोंडावर आमच्या शहरातल्या गुलमंडीत पाऊल टाकायला जागा नसते. कपड्यांची दुकानं ओसंडून वाहतात, पणत्या आणि रांगोळीवाले रस्त्यावर आलेले असतात, आणि स्कूटर ढकलत नेणाऱ्या माणसाला कुणी वाट देत नाही. याच दिवसांत आसपासच्या गल्ल्यांतल्या हार्डवेअर आणि मशिनरीच्या दुकानांत वेगळंच गिऱ्हाईक उभं असतं. पाऊस संपलेला असतो, बांधावरचं आणि बंगल्यामागच्या मोकळ्या जागेतलं गवत कमरेला लागलेलं असतं, आणि वर्षभर कोपऱ्यात पडलेलं ग्रास कटर नेमकं आता चालू होत नसतं. गिऱ्हाइकाच्या हातात मोबाइल असतो आणि मोबाइलमध्ये अख्ख्या मशीनचा लांबून काढलेला एक फोटो. खुलताबादकडच्या एका शेतकऱ्यानं असाच फोटो काउंटरवर पुढे केला. नारिंगी टाकी, काळं झाकण, लांब ॲल्युमिनियमचा दांडा. म्हणाला, "याचं पातं द्या, आणि प्लग."

दुकानदारानं फोटो बोटांनी मोठा केला, खाली-वर केला आणि फोन परत दिला. "दादा, यात मशीनचा रंग दिसतोय. नंबर कुठं कोरलाय, तेवढं दाखवा."

या एका मागणीत सगळा विषय येतो. बाजारात मिळणारी स्वस्त ग्रास कटर बाहेरून एकमेकांची सख्खी भावंडं वाटतात. नारिंगी किंवा लाल टाकी, काळं झाकण, वर इंग्रजीत कुठलं तरी दणदणीत नाव. ही नावं विकणाऱ्यांची असतात. आतलं इंजिन चीनमधल्या मोजक्या साच्यांपैकी एकाचं असतं आणि तेच इंजिन कितीतरी नावांनी विकलं जातं. त्यामुळे फोटो फोनमधल्या चित्रशोधात टाकला, तर त्याच रंगाची दहा मशीनं समोर येतात आणि त्या दहांत तीन वेगळी इंजिनं असू शकतात. रंगावरून सुटा भाग मागवणं म्हणजे नुसता पैसा घालवणं.

खरी ओळख इंजिनाच्या धातूवर ठोकलेली असते. दोन-स्ट्रोक ग्रास कटरवर ती बहुतेक वेळा सिलिंडरच्या पायाशी किंवा क्रँककेसच्या बाजूला सापडते. तिथे तेल, धूळ आणि गवताचा चोथा यांचा थर बसलेला असतो. रॉकेलमध्ये भिजवलेल्या जुन्या टूथब्रशनं तो काढावा लागतो. त्यानंतरही अक्षरं फोटोत येत नाहीत, कारण ठोकलेल्या अक्षरांना रंग नसतो, नुसती खोली असते. समोरून फ्लॅश मारला की ती खोली नाहीशी होते. उजेड बाजूनं, जवळजवळ पृष्ठभागाला घासून जाईल असा पाडला, तर अक्षरांच्या सावल्या उभ्या राहतात. दुसरा उपाय त्याहून साधा आहे. अक्षरांवर पातळ कागद घट्ट धरायचा आणि त्यावरून पेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं घासायची. लहानपणी नाण्याचा छाप घ्यायचो तसाच हा छाप उमटतो. मग फोटो त्या कागदाचा काढायचा. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो आकसतो आणि बारीक आकडे फुटतात, म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.

खुलताबादच्या त्या मशीनवर टाकीच्या स्टिकरनं "५२ सीसी" असा दावा केला होता. घरून मुलानं पाठवलेल्या छापात मात्र 1E40F-5 अशी अक्षरं होती. हा कोड वाचता आला की पुढचा अर्धा गोंधळ मिटतो. पहिला एक म्हणजे एकच सिलिंडर. E म्हणजे दोन-स्ट्रोक. ४० म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मिलिमीटरमध्ये. F म्हणजे हवेनं थंड होणारं. शेवटचा पाच हा त्या साच्याचा उपप्रकार. या घराण्यात पिस्टनची धाव ३४ मिलिमीटर असते. ४० च्या व्यासाला ३४ ची धाव धरली की आकारमान येतं ४२.७ घन सेंटिमीटर, म्हणजे बाजारातल्या भाषेत त्रेचाळीस सीसी. खऱ्या बावन्न सीसीच्या इंजिनावर 1E44F-5 असं लिहिलेलं असतं. तिथे व्यास ४४ आहे आणि हिशेब ५१.७ वर जातो. म्हणजे स्टिकर वाढवून सांगत होता. स्टिकरवर विश्वास ठेवून पिस्टन किंवा रिंग मागवली असती, तर ४४ चा पिस्टन ४० च्या सिलिंडरमध्ये शिरलाच नसता. प्लगच्या बाबतीत या दोन्ही इंजिनांचा प्लग एकच असतो, म्हणून ती चूक तिथे उघडी पडत नाही. पहिल्या खरेदीत सगळं जुळतं, आणि पुढच्या वर्षी मोठं काम निघालं की माणूस फसतो.

चार-स्ट्रोक ग्रास कटरवर कोडमध्ये ते E नसतं. 139F असं लिहिलेलं असेल, तर एक सिलिंडर, ३९ मिलिमीटर व्यास, हवेनं थंड होणारं. होंडाच्या GX35 च्या वळणावर बनलेली बरीच इंजिनं या नावानं येतात. कोड सापडलाच नाही, तरी फोटोवरून दोन आणि चार स्ट्रोकमधला फरक कळू शकतो. चार-स्ट्रोकला इंजिन ऑइल भरायचं वेगळं झाकण असतं, त्याला बहुधा आतून तेल मोजायची काडी असते, आणि सिलिंडरच्या डोक्यावर व्हॉल्व्हचं आवरण असतं. दोन-स्ट्रोकला हे दोन्ही नसतं. त्याचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं असतं. दुकानात फोटो दाखवायचाच असेल तर इंजिनाचा डावीकडून एक आणि उजवीकडून एक असा जवळून दाखवावा. दांडा आणि हँडल फोटोत नसले तरी चालतात.

हा फरक प्लगसाठी महत्त्वाचा आहे. GX35 चा प्लग CMR5H असतो, आणि त्याच्या आट्यांचा व्यास १० मिलिमीटर. दोन-स्ट्रोक त्रेचाळीसच्या प्लगचा व्यास १४ मिलिमीटर. हे दोन एकमेकांच्या भोकात बसतच नाहीत, म्हणून इथे चूक झाली तरी नुकसान फक्त फेरी मारण्याचं. नुकसान होतं ते व्यास सारखा आणि लांबी वेगळी असली की.

खुलताबादच्या मशीनमधला जुना प्लग काढून आणला तेव्हा त्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर L7T असं पुसट लिहिलेलं होतं. त्या नावाचा प्लग काउंटरवर नव्हता. पण त्याच मापाचा प्लग एनजीकेमध्ये BPM7A किंवा रेझिस्टरवाला BPMR7A, बॉशमध्ये WS7F आणि चॅम्पियनमध्ये CJ7Y या नावांनी मिळतो. चारही ठिकाणी माप एकच: आट्यांचा व्यास १४ मिलिमीटर, पान्याचा षटकोन १९ मिलिमीटर, आणि आट्यांची लांबी, ज्याला मेकॅनिक रीच म्हणतात, साडेनऊ मिलिमीटर. बॉशचे प्लग जुन्या लोकांच्या तोंडी अजून "माइको" आहेत. बंगळुरूची ती कंपनी १९५१ साली सुरू झाली आणि २००८ मध्ये तिचं नाव बदलून बॉश झालं, पण काउंटरवर नाव बदलायला अजून वेळ लागतो.

रीच वॉशरच्या बैठकीपासून आट्यांच्या टोकापर्यंत मोजायची असते. या शहरात दुचाकीचे प्लग हाताशी असतात. वाळूजला १९८५ साली बजाजचा कारखाना सुरू झाला तेव्हापासून इथल्या गल्लीगल्लीत दुचाकीचा मेकॅनिक आहे. त्यामुळे "चौदाचा आहे ना, मग चालेल" असं म्हणून दुसऱ्या कुठल्या मशीनचा प्लग लावला जातो. होंडाच्या GX160 इंजिनाच्या पंपाला लागणारा BPR6ES घ्या. त्याचा व्यास चौदाच आहे, पण रीच १९ मिलिमीटर. साडेनऊच्या भोकात तो साडेनऊ मिलिमीटर आत लोंबतो. पिस्टन वर आला की प्लगच्या टोकाला धडकतो. दोरी ओढताना एकाच ठिकाणी ठक् असा अडथळा लागत असेल, तर तिथेच थांबावं. जोर लावून ओढलं की इलेक्ट्रोड चेपतो आणि पिस्टनच्या माथ्यावर खड्डा पडतो. यापेक्षा फसवी गत १२.७ मिलिमीटर रीचच्या प्लगची असते. तो कदाचित पिस्टनला लागत नाही, मशीन चालतंही. पण आत निघालेल्या तीन मिलिमीटर आट्यांवर कार्बन चढतो. वर्षानं प्लग काढायला गेलं की तो कार्बन ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे ओरबाडत बाहेर येतो. मग हेडमध्ये नवे आटे बसवावे लागतात, आणि ते काम प्लगच्या किमतीच्या कितीतरी पट जातं. उलट चूक, म्हणजे खोल भोकात आखूड प्लग, हीसुद्धा वाईटच. ठिणगी खड्ड्याच्या आत पडते, मशीन सुरू व्हायला त्रास देतं आणि हेडच्या उघड्या आट्यांत कार्बन बसतो.

म्हणून प्लगचा फोटो पाठवायचा असेल तर तो आडवा ठेवून, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून काढावा. लिहिलेला नंबर पुसला असला तरी आट्यांचा व्यास, रीच आणि षटकोन या तीन मापांवरून प्लग निवडता येतो. राहते ती उष्णतेची श्रेणी. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड होत जातो, तर बॉश आणि चॅम्पियनमध्ये आकडा वाढला की गरम. एका कंपनीचा सात सोडून दुसऱ्या कंपनीचा आठ घेताना हे ध्यानात ठेवावं लागतं. मेकॅनिकनं इथे नीट तुलनेचा तक्ता पाहावा, अंदाजानं देऊ नये, असं मला ठामपणे वाटतं. नवा प्लग बसवण्याआधी फिलर गेजनं फट पाहावी. या लहान दोन-स्ट्रोकना साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर चालते. आणि जुना प्लग काळा, तेलकट निघाला, तर तो प्लग चुकीचा होता असं समजू नये. बहुतेक वेळा पेट्रोलमध्ये ऑइल जास्त पडलेलं असतं. पंचवीसास एक प्रमाण असेल तर लिटरला ४० मिलिलिटर, पन्नासास एक असेल तर २०. शेतावर हे बाटलीच्या झाकणानं, डोळ्यांनी मोजलं जातं आणि तिथेच गणित बिघडतं.

आता पातं. ग्रास कटरच्या पात्याला बाहेरून पाहून लोक दात मोजतात: तीन दाती, चाळीस दाती, ऐंशी दाती. दात कामाप्रमाणे निवडायचे असतात. गवताला आणि कोवळ्या झुडपाला तीन दाती, जाड खोडाला टोकाशी कार्बाइड बसवलेलं गोल पातं. पण पातं मशीनला बसतं ते मधल्या भोकामुळे. बाजारातल्या बहुतेक मशीनला भोक लागतं २५.४ मिलिमीटर, म्हणजे एक इंच. स्टिलच्या मोठ्या मशीनना २० मिलिमीटर लागतं. दोन्ही पाती बाहेरून २५५ मिलिमीटरची असू शकतात आणि फोटोत अगदी सारखी दिसतात.

दुकानदारानं त्या शेतकऱ्याच्या मुलाला सांगितलेली युक्ती कुणालाही जमेल. पातं काढून जमिनीवर सपाट ठेव, भोकाच्या शेजारी, पात्यालाच टेकवून दहा रुपयांचं नाणं ठेव, आणि बरोबर वरून फोटो काढ. दहाचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं. आलेल्या फोटोत पडद्यावर पट्टी ठेवून मोजलं तेव्हा नाणं ५४ मिलिमीटर भरलं आणि भोक ५१. सत्तावीस गुणिले एक्कावन्न, भागिले चोपन्न, म्हणजे साडेपंचवीस. मापाची थोडी चूक धरून पंचवीस पूर्णांक चार हेच. भोक वीसचं असतं तर पडद्यावर ते चाळीस भरलं असतं. इतका मोठा फरक मोजमापाच्या चुकीत लपत नाही. फोटो तिरका मात्र नको. तिरक्या फोटोत दोन्ही गोल लंबगोल होतात आणि नाणं पात्याच्या पातळीपेक्षा वर-खाली असेल, तर जवळची वस्तू मोठी दिसून हिशेब खोटा ठरतो.

वीसच्या शाफ्टवर पंचवीसचं पातं बसवायला मधे रिंग घालणारे आहेत, आणि वीसचं भोक कानशीनं घासून मोठं करणारेही. पहिलं एकवेळ चालतं, रिंग त्याच जाडीची आणि घट्ट असली तर. दुसरं कधीही करू नये. हातानं घासलेलं भोक मध्यात राहत नाही. मिनिटाला हजारो फेरे घेणारं पातं केसभर जरी एका बाजूला सरकलं, तरी दांडा थरथरायला लागतो आणि बेअरिंग जातं. हाताला मुंग्या येत असतील तर त्याचं कारण हे असू शकतं, आणि ते पातं माणसाच्या पायापासून दीड मीटरवर फिरत असतं.

पातं काढण्याआधी प्लगची टोपी काढून बाजूला करावी. मग गिअर हेडच्या भोकात सळई किंवा ॲलन की घालून शाफ्ट अडकवावा. इथे नट उलट्या आट्यांचा असतो, कारण पातं वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतं आणि साधा नट फिरता-फिरता सैल झाला असता. सुटायला तो घड्याळाच्या दिशेनं फिरवायचा. हे माहीत नसलेला माणूस उलट जोर लावत राहतो आणि शाफ्टचे आटे कापून काढतो. मग पात्याऐवजी अख्खं गिअर हेड लागतं, आणि त्यासाठी दांड्याच्या पाइपचा बाहेरचा व्यास, २६ की २८ मिलिमीटर, आणि आतल्या सळईच्या टोकाचे दात, सात की नऊ, मोजावे लागतात. हे दात सळई बाहेर काढल्याशिवाय कुठल्याही फोटोत दिसत नाहीत.

ढकलायच्या लॉन मूव्हरचं पातं वेगळं असतं. एकच लांब पट्टी, दोन्ही टोकांना धार. त्याची लांबी एका धारेच्या टोकापासून समोरच्या धारेच्या टोकापर्यंत, म्हणजे तिरकी मोजायची. कडेला समांतर मोजली तर आकडा लहान येतो. भोक गोल आहे, चांदणीसारखं आहे की बाजूला आणखी दोन छिद्रं आहेत, हे फोटोत स्पष्ट दिसायला हवं.

मूव्हरमध्ये बेल्टही येतो, आणि बेल्टच्या बाबतीत आपल्याकडे एक घोटाळा नेहमीचा आहे. सिडकोतल्या एका सोसायटीच्या मूव्हरची चाकं इंजिनावर चालायची. चाकांचा व्ही बेल्ट तुटला. अक्षरं पुसलेली होती. माळीकाकांनी तुटलेला बेल्ट सरळ करून बाहेरच्या अंगानं मोजला, चाळीस इंच भरला. वरची रुंदी साडेबारा-तेरा मिलिमीटर. दुकानात कडबा कुट्टी आणि पिठाच्या गिरणीचे बेल्ट टांगलेले असतात, त्यातला ए-४० त्यांना मिळाला. नागपूरच्या हिंगण्यात बेल्ट बनवणारी पिक्स असो की दुसरी कुणी, आपल्या बाजारात ए, बी, सी या मापांनीच बोलतात. तेरा मिलिमीटर रुंद तो ए, सतरा रुंद तो बी. रुंदी बरोबर होती. पण ए-४० मधले चाळीस इंच बेल्टच्या आतल्या अंगाचे असतात. आठ मिलिमीटर जाडीचा बेल्ट बाहेरून त्यापेक्षा जवळपास दोन इंचांनी लांब भरतो. काकांचा बेल्ट बेचाळीस इंचांचा झाला. दांडी पूर्ण ओढली तरी चाकं सपाटीवर रेटायची आणि चढावर थांबायची, आणि बेल्टला जळल्याचा वास यायचा. हवा होता तो ए-३८.

अमेरिकी मूव्हरच्या पुस्तिकेत हाच बेल्ट 4L400 असा लिहिलेला असतो. चार म्हणजे अर्ध्या इंचाची रुंदी, आणि चारशे म्हणजे बाहेरची लांबी, चाळीस पूर्णांक शून्य इंच. तिथे बाहेरचं माप, इथे आतलं. ए-३८ बसला आणि मूव्हर चढ चढला. तरी तो आदर्श नाही. मूव्हरमध्ये बेल्ट क्लचचं कामही करतो, सतत सैल-घट्ट होतो, म्हणून मूळ बेल्टच्या आत बऱ्याचदा अरामिडचा धागा असतो. गिरणीचा बेल्ट एकाच ताणावर दिवसभर फिरण्यासाठी बनवलेला असतो. तो लवकर ताणतो. मिळत असेल तर पुस्तिकेतल्या नंबराचाच मागवावा, वेळ निभवायची असेल तर ए-३८. जुना बेल्ट ताणून लांब झालेला असतो हेही लक्षात असू द्यावं. मोजण्याची भरवशाची रीत म्हणजे ताण देणारी पुली सैल करून, खोबणीतून सुतळी फिरवून ती मोजणं.

हाताच्या सिलिंडर मूव्हरचा विषय निघाला की दुकानदार हात वर करतात. वळणदार पात्यांचं हे यंत्र इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायरमधल्या एडविन बडिंगनं काढलं, १८३० चं त्याचं पेटंट. कापडाच्या गिरणीत लोकरी कापडावरची लव छाटणाऱ्या यंत्रावरून त्याला ते सुचलं. जुन्या बंगल्यांत आणि शाळांत अशी यंत्रं अजून आहेत. त्याची फिरती पाती चकत्यांना जोडून एकसंध बसवलेली असतात आणि सुटी सहसा मिळत नाहीत. फोटो कितीही चांगला काढला तरी. बदलता येते ती खालची स्थिर पट्टी. तिच्यासाठी लांबी, जाडी आणि स्क्रूच्या भोकांमधलं अंतर लागतं. हे अंतर एका भोकाच्या डाव्या कडेपासून पुढच्या भोकाच्या डाव्याच कडेपर्यंत मोजावं, म्हणजे मध्य शोधायची कटकट राहत नाही. अशी पट्टी चिकलठाण्यात किंवा वाळूजला सरफेस ग्राइंडर असलेल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये करून मिळू शकते. बसवल्यावर वर्तमानपत्राची पट्टी मधे धरून रीळ हातानं फिरवावं, बोटं लांब ठेवून. कागद डावीकडे स्वच्छ कापला गेला आणि उजवीकडे नुसता दुमडला, तर उजव्या बाजूचा स्क्रू पाव फेरा आवळायचा आणि पुन्हा कागद धरायचा.